कंत्राटदाराची देयके आणि भाडे यांवरील टीडीएस

कंत्राटदाराची देयके आणि भाडे यांवरील टीडीएस (स्रोतावरील करकपात) म्हणजे कंत्राटदाराला कामाचा मोबदला किंवा मालकाला जागेचे भाडे देताना, देणाऱ्याने त्यातून ठरावीक टक्के आयकर कापून तो घेणाऱ्याच्या नावे सरकारजमा करणे होय. आयकर अधिनियम, १९६१ मध्ये कंत्राटासाठी कलम १९४सी आणि भाड्यासाठी कलम १९४आय होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये या तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र केल्या आहेत. पुढील मर्यादा, दर, कलमे व नमुने आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

## कपात कोणी करावयाची

कपातीचे बंधन प्रथम देणाऱ्याच्या स्वरूपावर ठरते, रकमेचा प्रश्न त्यानंतर येतो. भागीदारी संस्था व कंपनी यांना उलाढालीची कोणतीही किमान अट नाही. एकल मालक किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांना मात्र, आदल्या आर्थिक वर्षात व्यवसायाची उलाढाल १ कोटी रुपयांपेक्षा (वकिली, वैद्यकी यांसारख्या पेशात ५० लाखांपेक्षा) अधिक झाली असेल, तरच ही कलमे लागू होतात.

त्यामुळे पालघर तालुक्यातील केळवे येथे समुद्रकिनाऱ्याजवळ ९० लाखांची उलाढाल असलेला एकल मालकीचा निवारा या कलमांतून मुक्त राहू शकतो, तर शेजारचा ४० लाखांची उलाढाल असलेला भागीदारीतील निवारा बांधील असतो. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांनाही हाच नियम लागू होतो.

## कंत्राटाची देयके

एका कंत्राटदाराला एका वेळी ३०,००० रुपयांपेक्षा अधिक, अथवा वर्षभरात एकूण १ लाख रुपयांपेक्षा अधिक रक्कम दिल्यास कपात करावी लागते. कंत्राटदार व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असल्यास दर १ टक्का, अन्यथा २ टक्के असतो. वस्तू व सेवा कर बिलात वेगळा दाखवला असल्यास त्यावर कपात होत नाही. कंत्राटदाराने पॅन न दिल्यास दर २० टक्के होतो.

उदाहरणार्थ, केळव्याच्या वरील भागीदारी संस्थेने एका रंगाऱ्याला प्रत्येकी २५,००० रुपये चार वेळा दिले, असे समजू. एकूण रक्कम १ लाख होते. ती मर्यादेहून अधिक नसल्याने कपात नाही. त्यानंतर २०,००० रुपयांचे पाचवे बिल आले की एकूण १,२०,००० होतात. आता कपात केवळ पाचव्या बिलावर नव्हे, तर पूर्ण १,२०,००० रुपयांवर १ टक्का, म्हणजे १,२०० रुपये होते. ती पाचव्या बिलातून करून रंगाऱ्याला १८,८०० रुपये द्यावयाचे असतात. प्रत्येक बिल सुटेसुटे पाहिल्यास ते ३०,००० च्या आतच दिसते. म्हणून प्रत्येक कंत्राटदाराच्या खात्याची वर्षारंभापासूनची बेरीज पाहणे आवश्यक ठरते.

## भाडे

१ एप्रिल २०२५ पूर्वी भाड्याची मर्यादा वर्षाला २,४०,००० रुपये होती. त्या दिवसापासून ती महिन्याला ५०,००० रुपये झाली. त्याहून अधिक भाडे असल्यास जमीन व इमारतीसाठी १० टक्के, तर यंत्रसामग्रीसाठी २ टक्के कपात होते. बंगल्याचे मासिक भाडे ६०,००० असल्यास ६,००० रुपये कापले जातात. मात्र तो बंगला दोन बहिणींच्या नावे निश्चित समान हिश्श्यांत असून प्रत्येकीला ३०,००० रुपये स्वतंत्रपणे दिले जात असतील, तर मर्यादा प्रत्येकीसाठी वेगळी मोजली जाते व कपात होत नाही.

कलम १९४आय लागू नसलेल्या एकल मालकानेही महिन्याला ५०,००० रुपयांपेक्षा अधिक भाडे दिल्यास कलम १९४आयबीनुसार २ टक्के कपात करावी लागते. ती वर्षअखेरीस किंवा जागा सोडताना एकदाच होते आणि तिच्यासाठी टॅन क्रमांक लागत नाही.

## भरणा आणि चुकीचे परिणाम

कपात बिल खात्यात जमा करताना किंवा पैसे देताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा करावयाची असते. आगाऊ रकमेलाही हा नियम लागू आहे. कलम १९४सी व १९४आयखाली कापलेला कर टॅन क्रमांकाखाली पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चचा कर ३० एप्रिलपर्यंत भरावा लागतो. त्यानंतर नमुना २६क्यूमध्ये तिमाही विवरण दाखल करून घेणाऱ्याला नमुना १६ए हे प्रमाणपत्र द्यावयाचे असते.

कपात न केल्यास दरमहा १ टक्का, कापून न भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज लागते. वरील उदाहरणात १,२०० रुपयांवरील व्याज किरकोळ आहे. तथापि, कपात झालीच नाही तर खर्चाच्या ३० टक्के, म्हणजे ३६,००० रुपये, त्या वर्षी खर्च म्हणून नाकारले जातात आणि भागीदारी संस्थेवर उपकरासह ११,२३२ रुपयांचा जादा आयकर येतो. कर नंतर कापून भरल्यास ही वजावट भरणा केलेल्या वर्षी मिळते. रंगाऱ्याने ते उत्पन्न स्वतःच्या विवरणपत्रात दाखवून कर भरला असेल आणि सनदी लेखापालाने नमुना २६ए मध्ये तसे प्रमाणित केले, तर संस्था कसूरदार मानली जात नाही; विवरणपत्र दाखल होईपर्यंतचे व्याज मात्र द्यावे लागते.