शाफ्टच्या व्यासावरून कीवे: तक्ता कसा वाचायचा?

सिल्लोडला मामांच्या लेथवर मका मळणी यंत्राचा २८ मिमी शाफ्ट नव्याने करायचा होता. कोड लिहिणारा भाचा म्हणून तक्ता वाचायचं काम माझ्याकडे आलं.

समांतर चावीच्या तक्त्यात (आयएस २०४८) व्यास टप्प्यांनी दिलेला असतो. आपली ओळ '२२ च्या वर, ३० पर्यंत'. म्हणजे ३० मिमीचा शाफ्टही याच ओळीत येतो, पुढच्या नाही. इथे बरेच जण चुकतात. या ओळीत चावी ८ × ७ आहे, म्हणून कीवेची रुंदी ८ मिमी. खोली शाफ्टमध्ये ४ आणि पुलीत ३.३. बेरीज ७.३, चावीची उंची मात्र ७. उरलेले ०.३ मिमी चावीच्या डोक्यावर मुद्दाम मोकळे ठेवलेले असतात, कारण जोर चावीच्या बाजूंवर येतो.

आता माझी चूक. ४ मिमी मी खाचेच्या कडेपासून मोजायला सांगितले. तक्त्यातली खोली शाफ्टच्या मूळ गोलाईच्या माथ्यापासून असते, आणि ८ मिमी रुंदीला कड माथ्यापेक्षा जवळपास ०.६ मिमी खाली येते. कीवे ४.६ मिमी खोल गेला. चावी खाली बसली आणि पुलीत तिची पकड कमी झाली. शाफ्ट वाया गेला.

"अरे, समोरून मोज," मामा म्हणाले. व्हर्नियरचा एक जबडा खाचेच्या तळाला, दुसरा शाफ्टच्या विरुद्ध बाजूला. माप २८ − ४ = २४ यायला हवं. पुलीत तसंच, बोअरच्या समोरच्या भिंतीपासून खाचेच्या तळापर्यंत ३१.३.