तळटीप : कल मध्येच तुटला तर

* मुकुंदवाडीशेजारच्या चिकलठाणा विमानतळाच्या मासिक प्रवासीसंख्येची मालिका घ्या. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद होती. समजा, एरवीचा चढउतार दर महिन्याला निम्मा विरतो (गुणांक ०.५), पण या खंडानंतर मालिकेची पातळीच खाली बसली. डिकी-फुलर चाचणी दोन्ही काळांतून एकच सरळ कलरेषा ओढते. मग तफावती महिनोन्महिने रेषेच्या एकाच बाजूला राहतात, गुणांक १ कडे सरकतो आणि स्थिर मालिकेतही ‘एकक मूळ’ नाकारता येत नाही. चाचणीची शक्ती जाते ती इथे. निरीक्षणे वाढवूनही हा दोष पुरता जात नाही.

पेरॉन यांनी १९८९ मध्ये तुटीसाठी वेगळे चल घातले, पण तुटीची तारीख आधीच ठरलेली धरली. आलेख पाहून तारीख निवडायची आणि तीच आधी ठाऊक होती असे मानायचे, ही लबाडीच. झिवॉट-अँड्र्यूज (१९९२) तारीख मालिकेतूनच शोधतात. म्हणून पातळीतील तुटीसाठी ५ टक्क्यांची सीमा कलासह डिकी-फुलरच्या −३.४१ च्या तुलनेत −४.८० वर जाते. मात्र त्यांच्या शून्य गृहीतकात तूटच नाही. त्यामुळे नकार मिळाला तरी मालिका स्थिर ठरतेच असे नाही. एकक मूळ आणि तूट दोन्ही असू शकतात. — संपा.