पत्त्यांतला खंड आणि पत्त्यांतली क्रांती

आपल्याकडच्या ‘भिकार-सावकार’ या खेळात हातातले पत्ते संपले की माणूस भिकारी होतो. जपानमधल्या ‘दाइफुगो’ या खेळात नेमके उलटे आहे. तिथे सर्वांत आधी हात रिकामा करणारा सावकार ठरतो. पण मला हा खेळ अभ्यासावासा वाटला तो त्याच्या पुढच्या नियमामुळे. इथे एका डावातला निकाल पुढच्या डावाच्या वाटणीतच शिरतो.

या खेळाचे मूळ चिनी ‘झेंग शांगयोउ’ या खेळात मानले जाते. त्या नावाचा अर्थ प्रवाहाच्या वरच्या अंगाला पोहोचण्यासाठी झटणे. 1958 साली चीनमध्ये ‘मोठी झेप’ घेण्याची मोहीम निघाली, तिच्या घोषणेतही हेच शब्द होते. त्या खेळात आधी सुटणारा वरच्या प्रवाहातला आणि मागे राहणारा खालच्या. जपानी खेळात मात्र प्रवाहाची जागा पैशाने घेतली. पाच जण खेळत असतील तर क्रमाने महाधनिक (दाइफुगो), धनिक, सामान्य, गरीब आणि महादरिद्री (दाइहिनमिन) अशा पायऱ्या ठरतात.

खेळण्याची रीत सोपी आहे. तिर्री सर्वांत हलकी. तिथून चढत राजा, एक्का, त्यावर दुर्री आणि सर्वांच्या वर जोकर. एकाने एकेरी पान टाकले तर पुढच्याने त्याहून वरचे एकेरी टाकायचे, जोडी टाकली तर वरची जोडी, नाहीतर ‘पास’ म्हणायचे. सगळे थांबले की शेवटचे पान टाकणारा नवी उतारी करतो.

पुढचा डाव वाटून झाला की वसुली सुरू होते. महादरिद्री आपली सर्वांत भारी दोन पाने महाधनिकाला देतो आणि त्याच्याकडून त्याला नको असलेली कोणतीही दोन घेतो. गरीब आणि धनिक यांच्यात एकेका पानाचा असाच व्यवहार होतो. सामान्य माणूस यातून सुटतो. बऱ्याच ठिकाणी पत्ते पिसून वाटण्याचे कामही महादरिद्र्याच्याच माथी असते. खालच्याला निवड नाही, वरच्याला आहे. म्हणूनच पहिल्या डावात केवळ नशिबाने मिळालेली पायरी पुढे पक्की होत जाते.

यावर उतारा म्हणजे ‘काकुमेई’, म्हणजे क्रांती. कोणी एकाच किमतीची चार पाने एकदम टाकली की जोकर सोडून सगळी उतरंड उलटते. तिर्री सर्वांत भारी होते आणि दुर्री सर्वांत हलकी.

एक डाव मांडून पाहू. जोकर धरून 53 पाने, पाच खेळाडू. महादरिद्र्याच्या वाट्याला दहा पाने आली आहेत: दुर्री, एक्का, राजा, एक दश्शी, दोन सत्त्या, एक छक्की आणि तीन चव्व्या. दुर्री आणि एक्का खंडणीत गेले. महाधनिकाने आपल्याकडची अडगळ, एक तिर्री आणि एकुलती एक चव्वी, त्याच्या हाती ठेवली. आता त्याच्याकडे चार चव्व्या झाल्या! पुष्कळ ठिकाणी पहिली उतारी महादरिद्र्याचीच असते. त्याने चारही चव्व्या टाकल्या. त्यांवर कोणाकडे चौकडी नाही, म्हणून पुढची उतारीही त्याचीच. हातात उरलेली तिर्री आता जोकरखालोखाल भारी आहे, आणि महाधनिकाने वसूल केलेल्या दुर्री-एक्क्याला कोणी विचारत नाही.

हा धोका जाणणारा महाधनिक दान देतानाही हिशेब करतो. हातात एकच चव्वी असेल तर बाकीच्या तीन समोरच्याकडे असू शकतात. दोन असतील तर एक देऊन एक ठेवता येते, आणि मग समोरच्याची चौकडी पुरी होणे शक्यच नसते. पण त्यासाठी स्वतःची जोडी मोडावी लागते. म्हणजे सुरक्षित दान फुकट पडत नाही.

दुसरा उतारा ‘मियाको-ओची’, म्हणजे राजधानीतून हकालपट्टी. महाधनिकाच्या आधी दुसरा कोणी सुटला तर महाधनिक त्याच क्षणी थेट महादरिद्री होतो, हातात काहीही असो. हा नियम सगळेच पाळत नाहीत. तो नसेल तर हरलेला महाधनिकही एखादीच पायरी उतरतो आणि तीच दोन-तीन माणसे वर फिरत राहतात. सलग काही डाव वसुली त्याच दिशेने होत राहिली, तरी तेवढ्यावरून हा नियम वगळलेला आहे असे ठरत नाही, कारण महाधनिकच पुन्हापुन्हा आधी सुटत असू शकतो.

1995 साली रिचर्ड गारफिल्ड यांनी याच कुळातला ‘द ग्रेट डालमुटी’ हा 80 पानांचा खेळ काढला. त्यातही वसुली आहे आणि क्रांतीही आहे. पण तिथे दोन्ही विदूषक एकाच्याच हाती आले तर तो वसुली रद्द करू शकतो, आणि तो सर्वांत खालचा असेल तर सगळ्यांच्या जागाच उलटतात. म्हणजे ती क्रांती वाटणीतच मिळते. जपानी खेळात ती साठवावी लागते, लपवावी लागते आणि योग्य वेळी टाकावी लागते. मला हाच फरक महत्त्वाचा वाटतो. वरच्याला जो नियम भारी पाने मिळवून देतो, तोच त्याला हलकी पाने खाली पाठवायलाही भाग पाडतो, आणि उलथापालथीचा दारूगोळा त्या हलक्या पानांतच असतो.