उद्या नक्की, मावशी

डोळे उघडा. नव्वद-शंभर वर्षं मागं आलात. हे कोल्हापूर, हा महाद्वार रोड, आणि तुम्ही आता शिंपी आहात. वैशाखातली लगीनसराई आहे. घामानं सदरा पाठीला चिकटलाय. कोळशाच्या इस्त्रीचा धूर डोळ्यांत चुरचुरतोय, मशिनीची खडखड थांबत नाही. बाहेर अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी, टांगेवाल्यांची आरडाओरड, घोड्याच्या लिदीत मिसळलेला झेंडूचा वास. पायरीवर एक मावशी उभ्या आहेत.

"मास्तर, पोरीची चोळी झाली न्हवं?"

"उद्या नक्की, मावशी."

हे 'उद्या नक्की' आज तुम्ही सातव्यांदा म्हणालात. तोंडाला सवयच आहे.

रात्री दुकानातच पथारी टाकता. डोळा लागतो न लागतो तोच खुंट्यांवरचे कपडे खाली उतरतात. एका कोटाला बाह्या नाहीत. एका परकराची कच्च्या टाक्यांची दुमड सुटून फरशीवर घासतेय. मागं नवरी उभी आहे, अंगावर अख्खा खण, त्यावर तुमच्याच खडूच्या रेघा. कात्री उचलायला जाता, तर बोटं तिच्या कड्यांत शिरत नाहीत.

दचकून उठता. कंदील मोठा करून खऱ्या खणाची घडी उलगडता. रेघा तशाच आहेत, आठ दिवसांच्या, जरा पुसट झालेल्या. वेळ मिळाला नाही असं नाही. मधल्या काळात दोन सदरे शिवून झालेत. मग हाच का राहिला?

कारण खण बेताचा असतो. त्याचा काठ बाहीच्या टोकाला यायलाच हवा. बाही उलट्या अंगानं कापली की काठ खांद्याकडं जातो, आणि दुसरी बाही काढायला कापड उरत नाही. सदऱ्याला माया ठेवता येते, चूक झाली तर उसवून सैल करता येते. इथं ती सोय नाही. जोवर कापत नाही, तोवर मावशी नाराज होत नाहीत. म्हणजे भीती कात्रीची नव्हतीच. मावशींच्या उतरलेल्या चेहऱ्याची होती. आठ दिवस तुम्ही तो चेहराच टाळत होता. (शिंप्यांचा उशीर आळसातून येतो म्हणणाऱ्यांनी एकदा असा खण पुढ्यात घेऊन बसावं.)

मग मांजरपाटाचा तुकडा शोधता. आधी त्याच्यावरच बाही बेतता, टाके घालता, काठाच्या जागी खडूची जाड रेघ ओढता. ती टोकालाच आली. बगलेत ओढ बसतेय, म्हणून चौबगला बोटभर वाढवता. पुन्हा बघता. आता खण. कात्री कर्रर् करत जाते.

उजाडताना दारात एक गडी येतो, काखेत कोटाचं कापड.

"परवा लगीन हाय, मास्तर. हुईल न्हवं?"

'उद्या नक्की' जिभेच्या टोकावर येतं. तुम्ही आवंढा गिळता.

"परवापर्यंत न्हाई व्हायचा."

तो क्षणभर बघतो. "बरं, मग पलीकडच्याला देतो," म्हणतो, आणि जातो.

एवढंच? तुम्ही त्याच्या पाठीकडं बघत राहता. इस्त्रीतले कोळसे विझत आलेत; त्यांना वारा घाला.