फोटोतली आकृती आणि कला

रायपूरहून आलेल्या फोटोत एसी परिपथाची फेजर आकृती तिरकी दिसते, म्हणून कोनमापक न लावता आकड्यांवर जावे. एकसर जोडणीत प्रवाह सगळीकडे सारखाच असतो. तोच आधार धरावा. रोध ३० ओहम, इंडक्टरचा रिअ‍ॅक्टन्स ८०, कपॅसिटरचा ४०. फरक ४०, म्हणून इम्पीडन्स ५० ओहम. २३० व्होल्टला प्रवाह ४.६ अँपिअर. इंडक्टरवर ३६८ व्होल्ट येतात ही छपाईची चूक नव्हे, कारण कपॅसिटरवरचे १८४ व्होल्ट त्यांच्या नेमके विरुद्ध कलेत असतात. इंडक्टर वरचढ असल्याने पुरवठ्याचे व्होल्टेज प्रवाहाच्या सुमारे ५३ अंश पुढे राहते. फोटो नुसता फिरला तर हे बदलत नाही. आरशातल्यासारखा उलटला, तर मात्र ‘पुढे’चे ‘मागे’ दिसते. तेव्हा आकृतीतली अक्षरे सुलटी आहेत ना, हे आधी पाहावे. — संपा.