दोन पाच

माझ्या पुतणीने परवा फोनवर विचारले, "काका, आम्ही दोघी मैत्रिणी मिळून क्लास काढतोय. एका बाईंनी आमचे भाग्यांक काढले. दोघींचा सारखाच आला. जमेल म्हणाल्या. तुम्हाला काय वाटतं?" आता दोघींचे पैसे त्यात अडकायचे आहेत, म्हणजे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी तिला म्हटले, दोन दिवस दे. आणि उत्तर शोधायला मी माझ्या जुन्या ओळखीच्या ठिकाणी गेलो, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडे गणित. जन्माचा दिवस, महिना आणि वर्ष यांतले अंक एकत्र मिळवायचे, आणि एकच अंक उरेपर्यंत मिळवत राहायचे. तो भाग्यांक. नुसत्या दिवसाचा अंक काढला की तो मूलांक. दोघांचे अंक शेजारी ठेवायचे आणि तक्त्यात बघायचे, मित्र की शत्रू.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. दिवसाचे १ आणि ४ मिळून ५. महिन्याचे ७. वर्षाचे १, ८, ५, ६ मिळून २०, म्हणजे २. आता ५, ७ आणि २ मिळून १४, म्हणजे पुन्हा ५.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. दिवसाचे २ आणि ३ मिळून ५. महिना तोच, वर्ष तेच. बेरीज १४, भाग्यांक ५.

मूलांकही ५, भाग्यांकही ५, दोघांचाही! मी वहीवर दोनदा करून पाहिले. मग लक्षात आले की यात नवल काही नाही. दोघांच्या वाढदिवसांत नऊ दिवसांचे अंतर आहे आणि एखाद्या संख्येत ९ मिळवले की तिच्या अंकांची शेवटची बेरीज बदलत नाही. शाळेत गुणाकाराचा ताळा आपण ९ ने घेत असू, तेच हे. त्यामुळे कोणत्याही महिन्याच्या ५, १४ आणि २३ तारखेला जन्मलेल्यांचे अंक सारखेच येणार. एकूण अंक नऊच. म्हणजे पुतणीला कोणतीही मैत्रीण भेटली असती तरी साधारण नवात एकदा भाग्यांक जुळलाच असता.

असो. पाच हा बुधाचा अंक मानतात. बुद्धी, वाणी, लेखणी, आणि बंधनाचा तिटकारा. दोघांनाही हे अगदी चपखल बसते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डेक्कन कॉलेजात दोघे भेटले ते वाद घालत घालतच. सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाला वाहून घ्यायचे, हे तिथेच ठरले. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. आगरकर एम. ए. होऊन पाठोपाठ आले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक. कोल्हापूरच्या प्रकरणात १८८२ मध्ये दोघांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस दोघे बरोबर राहिले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. पाच वर्षांत इतके काम! पाच-पाचची जोडी कशी फळते याचे उदाहरण म्हणून कुणीही हे सांगावे.

पण गोष्ट १८८५ ला संपत नाही.

आगरकरांचे म्हणणे होते की आधी घर सुधारा: बालविवाह, विधवांचे केशवपन, बायकांचे शिक्षण. टिळकांचे म्हणणे, आधी राज्याचे बघा, समाजावर सुधारणा वरून लादू नका, आणि परक्या सरकारच्या कायद्याने तर नाहीच. संपादक आगरकर, पण पत्र सर्वांचे. त्यामुळे स्वतःची मते मोकळेपणी मांडायची त्यांना चोरी झाली. ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. इकडे सोसायटीत आजीव सदस्यांनी किती पगार घ्यावा, बाहेरची कामे करावीत का, यावरून खटके उडत होतेच. टिळकांना त्यागाचा नियम कडक हवा होता. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, त्यावरून ठिणगी पडली आणि वर्षाअखेर टिळकांनी लांबलचक राजीनामा देऊन सोसायटी सोडली.

आता तक्ता काय म्हणतो? पाच-पाच म्हणजे एकमेकांना चटकन समजणारे. आणि तोच तक्ता असेही म्हणतो की दोघांनाही मोकळीक हवी, म्हणून ठिणग्या. १८८१ ला पहिले वाक्य वाचायचे, १८९० ला दुसरे. माझी तक्रार आहे ती इथे. अंक जन्मापासून तोच होता. मैत्री आणि भांडण दोन्ही जर त्यातूनच निघत असेल, तर १८८० साली शाळा काढायला निघालेल्या तरुणांना त्याने आधी काय सांगितले असते?

यावर अंकशास्त्रवाल्यांचे उत्तर असते वर्षांकाचे. जन्माचा दिवस, जन्माचा महिना आणि चालू वर्ष यांची बेरीज. तेही करून पाहिले. १८८७ साठी ५, ७ आणि ६ मिळून १८, म्हणजे ९. नऊ म्हणजे समाप्ती. क्षणभर मीही चमकलो. पण दोघांचे दिवस-महिन्याचे अंक सारखे, म्हणजे ९ दोघांनाही. आगरकरांचा 'केसरी' त्या वर्षी सुटला हे खरे. टिळकांच्या हाती मात्र तो त्याच वर्षी आला. समाप्ती कुणाची आणि आरंभ कुणाचा, हे अंकाने कसे सांगावे? १८९० चा वर्षांक ३ येतो. तीन म्हणजे आनंद आणि मित्रमंडळी!

आणखी एक गंमत. टिळकांची जन्मतिथी शके १७७८, आषाढ वद्य षष्ठी. पंचांगाचा एवढा अभ्यास केलेल्या माणसाची कुंडली इंग्रजी तारखेवर का मांडावी? तिथीचे ६, आषाढ चौथा म्हणून ४, शकाचे २३ म्हणजे ५. बेरीज १५, भाग्यांक ६. माणूस तोच, जन्म तोच, कालनिर्णयाचे पान उलटले की स्वभाव बदलला.

पुतणीला मी हे सगळे सांगितले आणि दोन प्रश्न विचारले. क्लासमधून कोण किती पैसे उचलणार, बाहेरच्या शिकवण्या करायच्या की नाही? आणि पालकांना काय सांगायचे यावर मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा? टिळक-आगरकर याच दोन जागी अडले होते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "हे आम्ही बोललोच नाही अजून." आता दोघी कागद घेऊन बसल्या आहेत असे कळते.

१८९५ चेही गणित मी करून ठेवले होते. ५, ७ आणि ५ मिळून १७, वर्षांक ८, अर्थात दोघांचाही. त्या वर्षी टिळक मुंबईच्या कायदे कौन्सिलवर निवडून गेले. आगरकर तेव्हा फर्ग्युसनचे प्राचार्य होते, दम्याने जर्जर झालेले. १७ जून १८९५ ला ते गेले, एकोणचाळिसावे वर्ष पुरे व्हायला महिनाही उरला नव्हता. त्यांच्यावरचा मृत्युलेख 'केसरी'त टिळकांनी लिहिला.