काट्याच्या टोकावरची तीन गावे

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीतून प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी दिघी, विश्रांतवाडीवरून पुण्यात येते. विश्रांतवाडीला रस्त्याकडेला विसाव्यास बसलेल्या वारकऱ्याला काट्याच्या अणीवरच्या तीन गावांचे कूट घालावे. ते ऐकलेले नाही असा माळकरी विरळाच. अर्थ मात्र दहा जणांकडून दहा निघतात. म्हणून खुणा कशा वाचाव्यात ते पाहू.

कूट असे चालते. काट्याच्या टोकावर तीन गावे, दोन ओसाड आणि तिसरे वसतच नाही. त्या न वसणाऱ्या गावी तीन कुंभार आले, दोन थोटे आणि तिसऱ्याला घडवताच येईना. त्याने तीन मडकी घडवली, दोन कच्ची, एक भाजेना. त्यात मूग रांधले, ते शिजेनात. पुढे पाहुणे येतात, नाणी येतात, नाण्यांचे पारखी येतात. शेवटी तीन बुक्क्या बसतात, म्हणजे बसतच नाहीत. हे सद्गुरूवाचून कळणार नाही, असे सांगून ज्ञानदेवांची मुद्रा येते.

बरेच निरूपणकार 'तीन' धरून बसतात. तीन गावे म्हणजे तीन गुण, तीन कुंभार म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश, तीन मडकी म्हणजे तीन देह. येथवर जुळते. पण मूग कोणते? बुक्क्या कोणत्या? तिथे ओढाताण सुरू होते. जे उत्तर पहिल्या तीन कडव्यांना बसते आणि पुढे अडते ते उत्तर नव्हे, ही कुटाची पहिली कसोटी. बोलणाऱ्याने प्रत्येक कडव्यात 'दोन' आणि 'एक' वेगळे केले आहेत, त्याचेही कारण उत्तराने दिले पाहिजे.

ते कारण व्याकरणात आहे. दोघांना विशेषण लावले आहे: ओसाड, थोटे, कच्ची, खोटी. म्हणजे वस्तू आहे, तिच्यात उणीव आहे. ओसाड गाव कधीकाळी वसले असेल, कच्चे मडके भाजता येईल. तिसऱ्याला मात्र क्रियापद आहे आणि त्याला 'चिना' जोडलेले: ते घडणेच नाही. आता दुसरी खूण. पुढचे कडवे कोणाला धरून निघते? ओसाड गावांना नव्हे, न वसणाऱ्या गावाला. थोट्यांनी नव्हे, ज्याला घडवता येत नाही त्यानेच मडकी घडवली. सगळी साखळी तिसऱ्यातून जाते. जे झालेच नाही त्याच्यावर पुढचे उभे, त्याच्यावर त्याच्या पुढचे. उत्तर तीन नव्हे, शून्य आहे. हा प्रपंच झालाच नाही, तरी त्यात गावे आहेत, पाहुणे आहेत आणि रुसणेही आहे!

हे माझे पदरचे नव्हे. योगवासिष्ठात, उत्पत्तिप्रकरणात, दाई बालकाला एक गोष्ट सांगते. नसलेल्या नगरीत तीन राजपुत्र, दोन जन्मले नाहीत आणि तिसरा गर्भातही आला नाही. ते जेवायला तीन ब्राह्मण बोलावतात, दोघांना देह नाही, तिसऱ्याला तोंड नाही. बालकाला गोष्ट खरी वाटते. संसार तसाच संकल्पमात्र आहे, असे वसिष्ठ रामाला सांगतात. म्हणजे कुलूप मराठीत आहे आणि किल्ली त्या जुन्या ग्रंथात उघडी ठेवलेली आहे. कानडीतही हे नाते आहे. विठ्ठलाची मुद्रा लावणाऱ्या पुरंदरदासांच्या (1484–1564) नावावर याच घाटाचे पद गातात. तिथे काट्याच्या टोकावर गावांऐवजी तीन तळी आहेत. असल्या कूटपदांना कानडीत मुंडिगे म्हणतात.

मग आपले कूट माउलींचेच का? मुद्रा त्यांची आहे, पण आज गाइली जाणारी भाषा तेराव्या शतकाची वाटत नाही. नाण्यांना पाठांत 'रुपये' म्हणतात आणि ते नाणे शेरशाहाने सोळाव्या शतकात रूढ केले. शब्द तोंडोतोंडी बदलले असावेत, किंवा रचनाच पुढची असेल. विचार मात्र त्यांच्या घरचा आहे. अमृतानुभवातले अज्ञानखंडनाचे प्रकरण वाचावे. अज्ञान घालवायचे कसे असे विचारणाऱ्याला तिथे ते मुळात कुठे आहे, असाच उलटा प्रश्न भेटतो.

पारख्यांचे कडवे मला सर्वांत आवडते. दोन आंधळे आणि एकाला दिसत नाही. कूट सोडवायला बसलेले आपणच ते पारखी, आणि आपल्यालाही त्या साखळीत ओवून टाकले आहे. 'तीन गुण, तीन देव' असे मोजून मोकळे होणाऱ्याच्या हाती खोटे नाणे राहते. त्याला बुक्क्या बसतात, दोन चुकतात आणि तिसरी लागतच नाही, कारण ती लागायला तिथे कोणी नव्हते.